भाभींना दिलेलं क्रियापद

आमचा वर्ग दुपारी भरतो. घरची भांडी-कुंडी आवरली, पोरं शाळेतून यायची आहेत, नवरे कामावर आहेत, अशा मधल्या वेळात पेठेतल्या मशिदीमागच्या माडीवर बायका जमतात आणि मी त्यांना अरबी शिकवते. सगळ्या मला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्याही आपाच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं.

मी शिकवते ते सर्फ, म्हणजे क्रियापदं चालवण्याचं शास्त्र. अरबी क्रियापदाच्या मुळाशी बहुधा तीन अक्षरं असतात. ती धरून तो, ते दोघे, ते सगळे, ती, त्या दोघी, त्या सगळ्या असं करत चौदा रूपं एका दमात म्हणायची, त्याला गरदान म्हणतात. साधी क्रियापदं बायका भाकरी थापता थापता पाठ करतात. अडचण येते ती दुसरं आणि तिसरं अक्षर एकच असलं की. आपल्या मराठीत आलेले हक्क, हद्द, रद्द हे सगळे त्याच घराण्यातले. तिथं दोन सारखी अक्षरं कधी एकमेकांत मिसळतात, कधी सुटी होतात.

मी सांगते ते असं. शेवटच्या अक्षराला स्वर असला, तर दोघं एक होतात. म्हणून र-द-द, म्हणजे परतवणे, उत्तर देणे, याचं रद्द, रद्दा, रद्दू. पण पुढं ‘त’, ‘तु’, ‘न’ असं काही चिकटलं की शेवटचं अक्षर स्वराविना उभं राहतं, आणि मग जोड सोडवावीच लागते. म्हणून सहाव्या रूपापासून शेवटपर्यंत सगळं सुटं: त्या सगळ्यांसाठी रदद्‌न, तुझ्यासाठी रदद्‌त, माझ्यासाठी रदद्‌तु. पाच रूपं मिसळलेली आणि नऊ सुटी. जीभ पाच पावलं पळते आणि सहाव्याला तिला लगाम घालावा लागतो. तिथंच सगळ्या धडपडतात.

या वर्गात भाभी आल्या. नवऱ्याबरोबर कित्येक वर्षं मस्कतला राहून परतलेल्या. नवऱ्यानं शिरोलीकडं गॅरेज टाकलं होतं आणि भाभींना दुपार खायला उठायची. मूळच्या गडमुडशिंगी या खेड्यातल्या, त्यामुळे आवाज असा की खाली नमाजाआधी वजू करणाऱ्यालाही ऐकू जावा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “आपा, मला लिवायला वाचायला ततपपच हाय. पर बोलतो मी फाडफाड.”

आणि खरंच बोलायच्या. आमच्याकडं लहान मुलींचा एक वर्ग बाजूच्या खोलीत भरतो. भाभी जाता जाता त्यांना अरबीत हाका मारायच्या, ये, बस, पाणी पी, दप्तर कुठाय, आणि त्या चिमुरड्या तशाच अरबीत उत्तरं द्यायच्या. मी इतकी वर्षं शिकवते, पण माझ्या एकाही विद्यार्थिनीनं मला अरबीत पाणी मागितलेलं नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर भाभींनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर मस्कतची त्यांची शेजारीण, हसऱ्या चेहऱ्याची. “आपा, बोला की! माझी मास्तरीण म्हून सांगितलंय मी तिला.” मी ‘आपण कशा आहात’ हे अगदी पुस्तकातल्यासारखं म्हणाले. त्या बाईनं प्रेमानं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. तरी कळलं नाही. भाभींनी मग मराठीत सांगितलं, “जेवलासा का म्हून इचारतीया.” बायका हसल्या. कुणीही वाईट मनानं हसलं नव्हतं, पण माझे कान तापले ते घरी जाईपर्यंत तापलेले होते.

त्याच वर्षी लहान मुलींच्या वर्गाची शिक्षिका लग्न होऊन मलकापूरला गेली. तिच्या जागी कोण, हे वार्षिक परीक्षेवर ठरायचं होतं. भाभींना तो वर्ग हवा होता. त्यांनी लपवलंही नाही. त्यांना मूलबाळ नाही. “आपा, मला त्या पोरींचा वर्ग मिळू दे,” त्या म्हणाल्या, “दुसरं काय बी मागत न्हाय मी.” मी म्हणाले, बघू.

आमच्या तोंडी परीक्षेची एक रीत आहे. परीक्षक बाहेरगावचे म्हातारे मौलाना असतात. ते पडद्यापलीकडं बसतात, आम्ही अलीकडं. कुठल्या बाईला कुठलं मूळ द्यायचं हे ते ठरवत नाहीत. वर्गाची आपा ठरवते. तिला माहीत असतं काय शिकवून झालंय, म्हणून. आपा मूळ सांगते, बाई गरदान म्हणते, मौलाना ऐकतात. एकदा चुकलं तर पहिल्यापासून म्हणायचं. दुसऱ्यांदा चुकलं तर बस.

भाभींची खोड मला पाठ होती. मस्कतकडच्या बोलीत ही जोड सोडवतच नाहीत. रदद्‌तु म्हणायच्या जागी तिकडं रद्देत म्हणतात, दोन्ही अक्षरं मिसळलेलीच ठेवतात आणि मध्ये एक ‘ए’ घालून पुढं जातात. फोनवर तर भाभींच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहादा असायचा, मी उत्तर दिलं, मी फोन उचलला, रद्देत, रद्देत. वर्गात मी त्यांना किती वेळा थांबवलं होतं. पुस्तकातून पहिल्यांदाच शिकलेलं मूळ असलं की मात्र त्या चुकायच्या नाहीत. पळून जाणे या अर्थाचं फ-र-र तर त्या झकास म्हणायच्या, फररतु, फररना, एकही ठेच नाही.

म्हणजे त्या दिवशी माझ्या हातात दोन्ही होतं. फ-र-र दिलं असतं तरी ते याच घराण्यातलं, तितकंच अवघड. कुणी नाव ठेवलं नसतं. भाभी माझ्या शेजारी गुडघे जुळवून बसल्या होत्या, हातातला रुमाल पिळत. पडद्यामागून मौलाना म्हणाले, “यांना काय देता?”

मी म्हणाले, “र-द-द.”

भाभींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, नुसतं बघितलं. आणि सुरू केलं. रद्द, रद्दा, रद्दू, रद्दत, रद्दता. मग थांबून, नीट, रदद्‌न. सहावं पार पडलं. तेवढ्या वेळात मला मनापासून वाटायला लागलं होतं की त्यांनी चुकू नये. पण सातव्याला, ‘तू’ म्हणताना, जीभ घसरली, रद्देत. मौलाना म्हणाले, पहिल्यापासून. पुन्हा सगळं म्हटलं. सातवं नीट, आठवं नीट, बारावं नीट. आणि तेराव्याला, ‘मी’ म्हणताना, पुन्हा रद्देत.

“ही बाजारची बोली झाली,” मौलाना म्हणाले. कडक नव्हे, हळहळल्यासारखे. भाभींना संधी द्यायची म्हणून त्यांनी पुढचंही विचारलं, ‘लम’ लावून नकार कसा कराल? भाभी म्हणाल्या, लम यरुद्द. तिथं मिसळलेलंही चालतं आणि सोडवून लम यरदुदही चालतं, त्यामुळे उत्तर बरोबरच होतं. पण गरदान गेली ती गेली. लहान मुलींचा वर्ग दुसऱ्या एका तरुण मुलीला मिळाला. ती हुशार आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला घरी चैन पडेना. मी खोटं बोलले नव्हते, नियम मोडला नव्हता. शिकवलेलंच विचारलं होतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्यातूनच मला कळलं, मी चोर आहे. खरं काम कुणाला इतकं समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी मी शिरोलीला गेले. गॅरेजच्या मागं घर. भाभींनी चहा टाकला. मी म्हणाले, “भाभी, मी तुम्हाला मुद्दाम ते दिलं. मला माहीत होतं तुम्ही तिथं चुकणार.”

त्या हसल्या. “मग बरंच केलंसा की! पोरींसमोर चुकलो असतो तर? चुकीचं शिकवून पाप लागलं असतं मला.”

“तसं नाही. मी चांगल्या मनानं नाही दिलं.”

“आपा, तुमी मास्तरीण हायसा. मास्तरनीनं अवघडच द्यायचं असतंय.” त्यांनी बशीत खारी वाढली. “मला शिकवा. रोज येतो मी. पुढच्या साली बघू.”

मी पुढचंही सांगायला हवं होतं, त्या फोनचं, माझ्या तापलेल्या कानांचं. नाही सांगितलं. त्यांनी आपणहून मला चांगलं ठरवलं होतं, आणि ते मी मुकाट्यानं घेतलं.

वर्षभर त्या रोज आल्या. वर्ग सुटला की आम्ही दोघीच बसायचो. मी जीव ओतून शिकवलं, जणू त्यानं फिटणार होतं. चुकल्या की पहिल्यापासून, चुकल्या की पहिल्यापासून. हळूहळू रद्देत गेलं. त्याच चालीचं हब्बेत गेलं, मद्देत गेलं. जोड कुठं ठेवायची, कुठं सोडवायची, हे त्या बोलायच्या आधी मनात तपासायला लागल्या. मधेच एकदा म्हणाल्या, “मस्कतची ती म्हंत हुती, तू आता पुस्तक वाचल्यागत बोलतीस म्हून.” आणि हसल्या. हल्ली फोन कमी करते, असंही म्हणाल्या. मी विषय बदलला.

यंदाच्या परीक्षेत मी त्यांना र-द-दच दिलं. या खेपेला त्यांच्या भल्यासाठी, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको म्हणून. चौदाच्या चौदा रूपं सुपारी फुटावी तशी कडाकड आली. पडद्यामागून मौलाना ‘माशाअल्लाह’ म्हणाले. गेल्या साली नेमलेली तरुण मुलगी पुढं शिकायला बाहेरगावी गेली होती, आणि लहान मुलींचा वर्ग भाभींना मिळाला. त्यांनी वर्गभर पेढे वाटले आणि पहिला माझ्या तोंडात घातला.

परवा मी बाजूच्या खोलीच्या दारात थांबले. भाभी मुलींना अक्षरं गिरवायला लावत होत्या, मराठीत. एका पोरीला तहान लागली होती. तिनं मराठीतच पाणी मागितलं आणि भाभींनी मराठीतच दिलं. मी आत जाऊन हळूच म्हणाले, “भाभी, पूर्वी तुम्ही यांच्याशी अरबीत बोलायचात. आता बोला ना. त्यासाठीच तर हा वर्ग हवा होता तुम्हाला.”

भाभींनी मुलींकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज खाली आणला. इतका खाली आणलेला त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“नको आपा,” त्या म्हणाल्या. “चुकलं मंजे?”