दंडाचं माप

आमच्या घरचा ब्लाउजचा कारखाना मी बारा वर्षं सांभाळत होते. लातूरला घरामागच्या गल्लीत दोन हॉल, एकात कटिंग, एकात शिलाई. सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. आप्पा व्यापार बघायचे आणि माल कसा निघतो ते मी. मग धाकटी जाऊ आली. गारमेंटचं शिक्षण पुण्यात घेतलेली, सडपातळ, आवाज कधी न चढवणारी. मला अक्का म्हणायची, मापात बोलायची. ती आल्यापासून जेवताना आप्पांचं तोंड तिच्याकडे असायचं, हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं.

त्या वर्षी नांदेडहून माल परत यायला लागला. छातीत बसतो, बाहीत अडकतो. एकच तक्रार. आप्पांनी गठ्ठा माझ्यासमोर टाकला. मी काही बोलण्याआधी धाकटी म्हणाली, "आप्पा, शिलाईत चूक नाही. आपला साइज चार्ट आपल्या बायकांचा नाहीच. मुंबईच्या मास्तरानं दिला तसा आपण वापरतो. तो कुणाची अंगं मोजून केलाय, कुणाला माहीत?"

तिनं माझी बाजूच घेतली होती. तरीही मला झोंबलं. एवढी वर्षं हे मला का सुचलं नाही, याच्यापेक्षा हे तिलाच का सुचावं, याचा राग जास्त होता.

ठरलं की आपण स्वतः मापं घ्यायची. मी म्हटलं, "आपल्या समाजाच्या महिला मंडळात जाऊ. एका दुपारी शंभर बायका मिळतील."

धाकटी हळूच म्हणाली, "अक्का, एका घरच्यासारख्या बायका मोजल्या तर चार्ट त्यांचाच होईल. आपला माल शेतात जाणारी घेते, शाळेतली बाई घेते, नांदेडच्या मोहल्ल्यातली घेते. पंचविशीची घेते, पंचेचाळिशीचीही. सगळ्यांतून थोड्या थोड्या घ्याव्या लागतील."

"हाव, बरोबर बोलून राहिली ती," आप्पा म्हणाले.

मुरूड, निलंगा, उमरी, नांदेड अशी गावं निघाली. शिवणक्लासच्या दोन मुली लिहून घ्यायला. बंद खोली, पातळ कपड्यावरून माप, टेप जमिनीला समांतर. धाकटीनं पहिल्याच दिवशी माझा हात धरला. मी टेपखाली दोन बोटं घालत होते, शिवणाऱ्याची सवय. ती म्हणाली, "आता फक्त अंगाचं माप, अक्का. ढिलाई नंतर घालू, सगळ्यांना सारखी. नाहीतर तुमची बोटं आणि माझी बोटं वेगळी पडतील." लिहिणाऱ्या मुलींसमोर म्हणाली. मी बोटं काढली.

उमरीत बायका आधी लाजत होत्या. एक म्हातारी दारातूनच ओरडली, "आमचं माप कशाला? सोयरीक जमवून राहिल्यात का?" धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या दंडातल्या वाकीचं कौतुक केलं, आणि पाच मिनिटांत म्हातारीनं सुनांनाच हाका मारल्या. माझ्या रांगेतल्या दोघी उठून तिच्या रांगेत गेल्या. मी टेप गुंडाळत बसले. तिच्या हसण्यात काय आहे, ते मी नीट बघितलं. काही नव्हतं. हसत होती, एवढंच.

दोघींचा हात सारखा पडतो का हे तपासायला काही बायका आम्ही दोघींनी एकमेकींचं न बघता मोजल्या. तिचं चुकावं म्हणून मी मनात देवाला हात जोडले होते. छाती, खांदा, दंड जवळपास जुळले. कंबर मात्र जुळेना. ती फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावत होती; मी ब्लाउज संपतो तिथं.

"तुझं चुकतंय," मी जरा मोठ्यानंच म्हटलं. "ब्लाउजला खालची कंबर काय करायची? पट्टी कुठं बसते ते मोज."

ती थांबली. "बरोबर आहे. मग ते माप वेगळं लिहू. नाव वेगळं, जागा ठरलेली." आणि मोजलेल्या बायकांकडून तेवढं माप पुन्हा घ्यायला ती स्वतः गेली. जिंकल्याचा आनंद मला पुरता भोगूही दिला नाही तिनं.

मापं कॉम्प्युटरवर चढली. तिनं छाती हा मुख्य आकडा धरला आणि दोन-दोन इंचांचे गट पाडले. कोणत्या गटात बायका जास्त पडतात ते बघितलं. कडेच्या दोन्ही टोकांना फार थोड्या होत्या, ते साइज सोडून दिले. मग एकेका गटात खांदा, पट्टी, पाठ यांची सरासरी. हे सगळं छातीबरोबर नीट वाढत होतं. दंड मात्र ऐकत नव्हता. छाती छत्तीसचीच, पण एकीचा दंड बारीक आणि दुसरीचा चांगला भरलेला.

"सरासरी धरली तर अर्ध्या बायकांना बाही घट्ट होणार," ती म्हणाली. "प्रत्येक साइजला दोन बाह्या ठेवू या का?"

इथं मात्र मला थांबता आलं नाही. "नांदेडचा दुकानदार दुप्पट माल कशाला भरेल? सरासरी सोड. गटातल्या दहातल्या आठ-नऊ जणींचा दंड आत जाईल एवढा घेर धर. ढिली बाही बाई घरी एक शिलाई मारून घेते. घट्ट बाही ती परत करते. आणि बाही जोडतो तो मुंढाही तेवढाच मोकळा कर, नाहीतर बाहीचा वरचा गोल त्यात बसणार नाही."

तिनं तिथंच आकडे बदलले.

नांदेडचे व्यापारी आले तेव्हा आप्पांनी नवा चार्ट पुढं ठेवला. "आमच्या धाकट्या सुनेनं बनवला. लई डोकं आहे तिला."

"आप्पा, दंडाचं अक्कांनी सांगितलं," धाकटी लगेच म्हणाली.

"हाव, तिनं बी हात लावला," आप्पा म्हणाले आणि चहा सांगितला.

हात लावला. ते दोन शब्द मी कितीतरी दिवस चघळले. तिनं माझं नाव घेतलं नसतं तर मला तिचा राग तरी करता आला असता.

पुढं नमुने शिवले. छत्तीसच्या ओळीशी माझी छाती, खांदा, दंड, पट्टी सगळं जुळत होतं, म्हणून ब्लाउज अंगावर घालून बघायला धाकटीनं मलाच उभं केलं. हात वर करा, पुढं घ्या, वाका. ती टाचण्या लावत होती. मी आरशात तिचा चपळ हात बघत होते.

"तू का नाही घालून बघत?" मी विचारलं.

"माझी छाती चार्टाच्या खालच्या टोकाबाहेर गेली, अक्का. मीच तो साइज काढून टाकला." ती टाचणी दातांत धरून हसली. "माझे मला शिवावे लागतील."

मला बरं वाटलं. चांगलं बरं वाटलं, आणि ते लपवायला मी मान वळवली तर ती म्हणाली, "हलू नका, मुंढा सरकतो."

बाहीच्या तक्रारी बंद झाल्यासारख्याच झाल्या. नांदेडचा दुकानदार आता फोन करतो तेव्हा म्हणतो, "धाकट्या वहिनींना द्या." मी देते. फोन तिच्या हातात जाईपर्यंत तो माझ्या मुठीत जरा जास्त वेळ राहतो, आणि मग मी कटिंगच्या टेबलाकडे वळते.