बावीस की बत्तीस

रोस्वीता ब्रिंकमानबाईंनी एकतीस वर्षं पूर्व बर्लिनच्या बिअर कारखान्यात, बाटल्या भरणाऱ्या यंत्राशेजारी काढली होती. निवृत्त झाल्या तेव्हा उजवा कान कारखान्यातच राहिला आणि डाव्याला शांततेची चटक लागली. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एसेनला बहिणीकडे जाताना त्या शांत डब्याचंच आरक्षण करत. फोनवर बोलायचं नाही, त्याची घंटी बंद ठेवायची, गाणी ऐकायची तर ती दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचू द्यायची नाहीत, आणि बोलणं टळतच नसेल तर हळू बोलायचं. हे नियम त्यांनी आजवर एकदाही मोडले नव्हते, असं त्यांचं मत होतं. खरं म्हणजे त्यांची कुजबुज चार ओळींपलीकडे ऐकू जाई. पण त्यांना ते सांगणार कोण? शांत डब्यात बोलायचं नसतं.

जागाही ठरलेली. डबा बावीस, जागा चौसष्ट, टेबलाची, खिडकीशी. तिकिटावर डबा असतो, जागा असते, खिडकी असते. तोंड कुठे होणार ते मात्र नसतं. खुर्च्या जागच्या हलत नाहीत. निम्म्या पुढे बघतात, निम्म्या मागे. मागे बघत बसलं की बाईंना गाडी लागे. कुठली खुर्ची पुढे बघते हे त्या भोगून शिकल्या होत्या.

ही गाडी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन गाड्या. विशीतले डबे एसेनमार्गे पुढे जातात, तिशीतले वुपरटालमार्गे. हाम स्टेशनपर्यंत संसार एकत्र, तिथे घटस्फोट. एकीतून दुसरीत आतून जायला वाट नाही.

त्या गुरुवारी तिशीतले डबे पुढे लागले होते. एरवी ते मागे असतात. फलकावर बदल लिहिला होता, भोंग्यावरून सांगितलाही. बाईंनी फलक वाचला, फलाटावर मागे चालत गेल्या आणि बावीस नंबरात चढल्या. चौसष्टवर एक माणूस झोपला होता.

साठीचा, रापलेला, मांडीवर पांढरी उंच लोकरी टोपी. झोप गाढ होती. उठवावं तर बोलावं लागणार. बाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या, आणि गाडी सुटल्यावर सगळा देश आपल्यापासून लांब जाताना बघू लागल्या. हानोफरपर्यंत त्यांनी तीन आल्याच्या गोळ्या चघळल्या.

बीलेफेल्ड गेलं तेव्हा तो जागा झाला. बाईंनी न बोलता आपलं तिकीट पुढे सरकवलं आणि चौसष्टच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि तोही चौसष्टवर बोट ठेवून हसला. दोघं एकमेकांच्या चौसष्टकडे बघत राहिले.

मग बाईंचं बोट त्याच्या कागदावर दोन ओळी वर सरकलं. डबा बत्तीस. त्याखाली शांत विभाग. त्याहून वर, वुपरटाल. त्याच्या डोक्यावरच्या आरक्षणाच्या छोट्या पाटीवर मात्र ठळक उजळलं होतं: बर्लिन ते एसेन.

"अहो, तुम्ही चुकीच्या गाडीत आहात," बाई कुजबुजल्या.

चार ओळींपलीकडच्या माणसानं वर्तमानपत्र खाली केलं.

समोरच्याला कळलं नाही. त्यानं रशियनमध्ये काहीतरी विचारलं. बाई पूर्व जर्मनीच्या शाळेत सात वर्षं रशियन शिकल्या होत्या. त्यानंतर पन्नास वर्षं कुणी विचारली नव्हती. आता त्यांना एकच वाक्य आठवलं. शेतात ट्रॅक्टर उभा आहे. त्यांनी ते बोलून टाकलं.

माणूस खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याला शेत दिसलं, ट्रॅक्टर दिसला नाही.

"नाही, नाही," बाई म्हणाल्या आणि शब्द गोळा करू लागल्या. "गाडी एक. मग दोन. तू तिकडे. मी इकडे. हाम!"

"हाम," तो म्हणाला आणि रशियनमध्येच सावकाश सांगू लागला; ऐकायला बाईंना बरंच कळत होतं. "पण ताई, मी स्टेशनवर लेकीनं लिहिलं तिथंच उभा होतो. खांबावर अक्षरं असतात ना, तिथं. डबा आला, दारावर दोन आकडा बघितला, चढलो."

"दोनच्या आधी काय होतं?"

त्यानं विचार केला. "तेही दोनच होतं."

"श्शू!" वर्तमानपत्रवाला म्हणाला. "हा शांत डबा आहे."

"मला माहीत आहे," बाई वळून म्हणाल्या. "मी तुमच्या आधीपासून येते."

हामला गाडी थांबली तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. त्याला जर्मन फलाटावर एकटा सोडला तर तो पुन्हा एखाद्या दोनात चढेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पिशवी खुर्चीवर ठेवून त्या निघाल्या. फलाट लांब. माणूस एका हातात बॅग, दुसऱ्यात टोपी घेऊन मागे. अठ्ठावीसपर्यंतचे सगळे डबे संपले, मग जिथे माणसं जोड सोडवतात तो सांधा आला, आणि पुढे तिशी सुरू झाली. बाई प्रत्येक दारावरचा आकडा मोठ्यानं वाचत होत्या. बत्तीसात चढून त्यांनी त्याला चौसष्टवर बसवलं, वरची पाटी वाचून दाखवली, बॅग वर टाकली. पुढची गाडी आधी सुटते, हे त्यांना दारं बंद झाल्यावर आठवलं.

तिकीट तपासनीस तरुण होता. त्यानं बाईंचं तिकीट दोनदा वाचलं.

"तुम्ही एसेनला चाललात."

"हो."

"ही गाडी जात नाही."

"म्हणूनच हा माणूस इथे आहे," बाई म्हणाल्या. सगळ्या डब्यानं माना वळवल्या. तपासनिसानं त्यांना हातानं खुणावून दाराजवळच्या जागेत नेलं, काचेचं दार लावलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या गाडीतल्या सहकाऱ्याला फोन लावला. पिशवी एसेनला बहिणीच्या हाती देतील, म्हणाला. तिकिटामागे दोन ओळी लिहून सही केली. "हागेनला उतरा. तिथून एसेनला थेट लोकल आहे."

बाईंनी तिथेच उभं राहून बहिणीला फोन केला.

"ओरट्रूड, माझी पिशवी येतेय. मी वुपरटालच्या गाडीत आहे, मागून येते."

"पिशवी एकटी येतेय?" ओरट्रूड म्हणाली. "तुला म्हटलं होतं, वयानुसार डोकं जातं. कोबीची भाजी गॅसवर आहे."

"उतरव, आणि पिशवी घ्यायला स्टेशनवर जा."

आत येऊन बघतात तर माणूस पुन्हा झोपला होता. हागेन आलं. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत वळून त्याच्याकडे बघितलं. वुपरटालला गाडी दोनच मिनिटं थांबते. दार उघडलं, मिटलं. बाई परत येऊन त्याच्या समोर बसल्या, पुन्हा मागे तोंड करून.

वुपरटालच्या अलीकडे त्यांनी त्याचा गुडघा हलवला. त्यानं त्यांना नाव सांगितलं: तोक्तोसून. किर्गिझस्तानच्या नारीनजवळचा, मेंढ्या राखणारा. "म्हणजे 'हा तरी थांबो'. माझ्या आधीचे तीन भाऊ गेले, म्हणून आईनं हे नाव ठेवलं."

"चांगलं नाव," बाई म्हणाल्या. तेवढ्यात कुणीतरी श्शू केलं.

फलाटावर लेक उभी होती. बुरुल, नर्सच्या कपड्यांत. तिनं बापाला मिठी मारली, मग बाईंकडे बघितलं. बापानं किर्गिझमध्ये बरंच काही सांगितलं, त्यात बावीस आणि बत्तीस बोटांवर करून दाखवलं.

"बाबा म्हणतात, तुम्ही जेवल्याशिवाय जायचं नाही," बुरुल म्हणाली. "नाही म्हणू नका. ते ऐकत नाहीत. मीही पंधरा वर्षं प्रयत्न करून बघितलाय."

"मला शांतता लागते जेवताना," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे नाही मिळणार."

बुरुलच्या घरी बाईंनी मटणाचा पुलाव दोनदा घेतला. तोक्तोसून सगळा वेळ बोलत होता, बुरुल निम्मं भाषांतर करत होती, आणि बाईंचा डावा कान कुणी श्शू करायची वाट न बघता ऐकत होता. एसेनला त्या संध्याकाळी पोचल्या. कोबी गार झाला होता. ओरट्रूडनं पिशवी दारातच ठेवली होती आणि तिला एवढंच विचारायचं होतं की वुपरटालला काय होतं.

"दुसरं चौसष्ट," रोस्वीताबाई म्हणाल्या आणि बूट काढायला बसल्या.