बाबांची नोकरी घालवणारा अर्ज

इंजिनियरिंगची दोन वर्षं मी पास होऊन काढली आणि तिसऱ्या वर्षाची फी भरल्यावर कॉलेज सोडायचं ठरवलं. आधी सुचलं असतं तर एवढा घोळ झाला नसता, पण माझं डोकं नेहमीच उशिरा चालतं. फी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली होती. ते न्हावा शेवा बंदरात क्रेन चालवायचे. "मन लागत नाही," एवढंच मी त्यांना सांगितलं.

कामोठ्याच्या मैत्रिणींनी सल्ला दिला, 'प्रवेश रद्द करायच्या अर्जात रडगाणं लिही, नाहीतर फी बुडाली समज.' मी दोन पानं लिहिली. घरची परिस्थिती हलाखीची, वडिलांची नोकरी गेली, वगैरे. लिहिताना मलाच गहिवरून आलं.

शनिवारी लायब्ररी आणि वर्कशॉपच्या नो ड्यूजच्या कागदावर, म्हणजे काही बाकी नसल्याच्या दाखल्यावर, सह्या घेतल्या. सोमवारपासून वर्ग सुरू होणार होते. पण ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, "पालकांची सही कुठाय?" मी फोन केला. बाबा ड्यूटी बदलून पनवेलला कॉलेजात आले, काउंटरशी उभे राहिले आणि सही करण्याआधी अख्खा अर्ज वाचू लागले. ते अर्ज वाचतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"माझी नोकरी कवा गेली गो?" त्यांनी शांतपणे विचारलं. अंगावर डॉकचा गणवेश होता.

मॅडमनी तोंडाला पदर लावला. बोलणं ऐकून रजिस्ट्रार सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी अर्ज चाळला आणि ते हसले. "अगं, फी कारण बघून परत मिळत नाही, तारीख बघून मिळते. वर्ग सुरू व्हायच्या आधी अर्ज आला, तर थोडी रक्कम कापून बाकीची परत. सोमवारी आली असतीस तर फक्त अनामत मिळाली असती. चार ओळींत लिही, आत्ताच आवक नंबर घे. कारण नाही लिहिलंस तरी चालेल."

"कारण लिव," बाबा म्हणाले. "पण खरा लिव."

मी तिथेच बाकावर बसून लिहिलं: मला गणित शिकवायला आवडतं. मला बी.एस्सी. करून शिक्षिका व्हायचं आहे, म्हणून प्रवेश रद्द करावा.

मॅडमनी शिक्का मारला, आवक नंबर टाकला आणि पोच म्हणून एक प्रत परत दिली. महिन्याभरात चेक आला. बाबांनी त्यातून बी.एस्सी.ची फी भरली आणि उरलेले पैसे पतपेढीच्या कर्जात भरले. आज मी शाळेत शिकवते आणि मजेत आहे.

पण त्या दिवशी सही करण्याआधी बाबांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या होत्या.

"मंग ह्ये मना आदी का नाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

रजिस्ट्रारला सांगायला मी दोन पानं खोटं लिहिलं होतं. घरात खरं सांगायला मला एक ओळही सुचली नव्हती.