जुनं खातं जोडा

मला राग लवकर येतो आणि उतरतोही लवकर. मधल्या पाच मिनिटांत मी जे बोलते त्याची भरपाई पुढे आठवडाभर करावी लागते. गूगलचं ते बटण मी लावलं तेही रागाच्या भरातच.

सिल्वासात माझं ऑफिस म्हणजे एका मेसच्या डोक्यावरची खोली. एक मी, दोन कॉम्प्युटर आणि खालून दिवसभर येणारा फोडणीचा वास. मेस चालवणारी मावशी धुळ्याकडची, बोलते अर्धी अहिराणी. तिचे डबे राखोलीच्या आणि दादऱ्याच्या कारखान्यांत जातात. डबे बुक करायला मी तिला एक वेबसाइट करून दिली होती. कोणाला भाकरी, कोणाला पोळी, कोणाला कांदा-लसूण नको, कोण आज रजेवर, सगळं त्यात. पुढे आणखी चार मेसवाल्यांनी ती घेतली आणि मी स्वतःला कंपनी म्हणवून घ्यायला लागले.

आता कारखान्यातला माणूस डब्यासाठी पासवर्ड लक्षात ठेवेल का? तो रोज विसरायचा आणि रोज मला फोन करायचा. "मॅडम, पासवर्ड नथी चालतो, भूख लगी है," असं तीन भाषांचं मिसळण सकाळी सकाळी कानावर आलं की माझं टाळकं सटकायचं. एक दिवस म्हटलं, बास. पासवर्डची कटकटच नको. गूगलने लॉगिन करा.

ह्यात गंमत अशी की गूगल तुमचा पासवर्ड मला देत नाही. ते फक्त येऊन सांगतं की ही व्यक्ती तीच आहे, मी तपासलंय, हा तिचा ईमेल. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दार उघडते. नव्या माणसाचं सोपं असतं. पण ज्याचं माझ्याकडे आधीच ईमेल-पासवर्डचं खातं आहे, त्याचं काय? मी म्हटलं, त्यात काय एवढं, ईमेल जुळला की जोडून टाकायचं. शहाणपणा सगळा तिथेच संपला.

दुसऱ्याच दिवशी राखोलीच्या एका सुपरवायझर साहेबांनी ते बटण दाबलं आणि ते थेट आपल्याच हाताखालच्या एका कामगाराच्या खात्यात जाऊन पडले. झालं होतं असं की त्या कामगाराकडे ईमेलच नव्हता. फॉर्ममध्ये रकाना भरायचाच म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी साहेबांचा ईमेल ठोकून दिला होता. मी तेव्हा ईमेल खरा कोणाचा हे तपासायची तसदी घेतली नव्हती. साहेबांना वाटलं, आपलंच खातं. रोज दोन भाकऱ्या आणि ठेचा कोण खातो असं म्हणत त्यांनी डाएटचा डबा लावला. कामगार बिचारा तीन दिवस उकडलेला दुधी खात बसला, आणि त्याचा जुना पासवर्ड चालूच असल्यामुळे साहेबांची सगळी माहितीही त्याला दिसत होती. नवरा म्हणाला, बरं झालं तू बँकेत नाहीस. नवरा सरकारी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायची त्याला सवय आहे.

मग मी त्या कामगाराच्या खात्यावरून साहेबांचा ईमेल काढला आणि नियम कडक केला. नुसता ईमेल जुळला म्हणून काहीही जोडायचं नाही. जुनं खातं तुमचंच आहे ना, मग त्याचा पासवर्ड द्या. पासवर्ड विसरला असाल तर त्या खात्यावर नोंदवलेल्या ईमेलवर सहा अंकी आकडा जाईल, तो इथे टाका. दहा मिनिटांत टाका, नवा आकडा मागवला की आधीचा बाद. आणि एकदा जोडलं की ते गूगल प्रत्येकाला देतं त्या न बदलणाऱ्या क्रमांकाला बांधायचं, ईमेलला नाही. मेलच्या खाली मी ठळक अक्षरात लिहिलं, हा आकडा कुणालाही सांगू नका. मी जाम खूश होते. आता सुपरवायझर काय, कलेक्टर आला तरी दुसऱ्याच्या भाकरीला हात लावू शकणार नव्हता.

आणि मग एका सोमवारी मावशी वर आली. ती कधी जिना चढत नाही, गुडघे दुखतात. हातात नवा फोन, हाताला पीठ. म्हणाली, "ताई, मनी मेस कुठं गयी? एकबी डबा दिसत नही."

मी बघितलं. फोन घेताना दुकानदाराने तिला नवा जीमेल काढून दिला होता. मावशीने निळं बटण बघून दाबलं, गूगलने सांगितलं ही बाई तीच, आणि माझ्या वेबसाइटने ह्या ईमेलचं कोणी सापडत नाही म्हणून तिला कोरं करकरीत नवीन खातं उघडून दिलं. सव्वाशे डब्यांची मालकीण, आणि समोर लिहिलेलं, आज एकही डबा नाही. साडेनऊ वाजले होते. साडेअकराला टेम्पो निघतो.

मी दुसऱ्या एका मेसवाल्याशी फोनवर भांडत होते. फोन न ठेवताच तिला दाखवलं, इथे 'जुनं खातं जोडा' आहे ना, त्यात जुना ईमेल टाका, आकडा येईल, तो लिहा, झालं. जुना ईमेल तिला तोंडपाठ होता, तिच्या मेनूकार्डावर तोच छापलेला होता. ती मान हलवून खाली गेली.

पाऊण तासाने परत वर. दम लागलेला. आकडा येत नाही म्हणाली. माझा पारा चढला. म्हटलं, माझी सिस्टीम व्यवस्थित आहे, तुमचं इंटरनेट गेलं असेल. आणि मग मी तो ईमेल नीट वाचला.

तो ईमेल तिच्या मुलीचा होता.

मेसचं खातं उघडलं होतं मुलीनेच, पासवर्डही तिचाच. तेव्हा ती इथेच होती, बारावीपासून आईच्या हाताखाली. मेनू तिचा, याद्या तिच्या, माझ्या वेबसाइटमधल्या निम्म्या चुका तिने काढलेल्या. मग तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि सुरतेला नोकरी धरली. मावशीच्या डोक्यात होतं की मेस हिनेच पुढे न्यायची. मोठं भांडण झालं. मुलगी गेली त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आठ महिने. कोणी आधी फोन करायचा ह्यावर दोघी अडून बसलेल्या. काही निरोप असला तर धुळ्याच्या मामामार्फत, म्हणजे सुरतेहून सिल्वासाला बातमी यायची ती धुळ्याला वळसा घालून.

मी म्हटलं, "मावशी, आकडा येतोय. पण तो तिच्याकडे जातोय."

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. मग हळूच विचारलं, तुम्ही इथून नाही का करू शकत?

करू शकत होते. डेटाबेसमध्ये एक ओळ बदलायची, अर्धा मिनिट. पण साहेबांच्या दुधीनंतर मी शपथ घेतली होती, आणि खरं सांगायचं तर मला माझा नियम मोडायचा नव्हता. मी तिला ताडकन म्हटलं की आजची यादी मी काढून देते, डबे अडणार नाहीत. पण खातं जोडायचं तर जिचा ईमेल आहे तिने हो म्हणायला हवं. आज तुमच्यासाठी केलं तर उद्या कोणीही येऊन मीच मालक म्हणेल. ती "बरं" म्हणाली आणि कठडा धरून उतरली. माझं मलाच वाईट वाटलं. पण मी कामाला लागले.

यादी काढून, छापून मी खाली घेऊन गेले तेव्हा अकरा वाजायला आले होते. मावशी पोळपाटासमोर होती, फोन बाजूच्या डब्यावर टेकवलेला. आम्ही यादी वाचायला घेतली आणि फोन वाजला. मुलीचं नाव. मावशी बघतच राहिली. हाताला पीठ म्हणून, असं ती आता सांगते. मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"आई, तुला काय झालंय? सकाळपासून मेलवर मेल येतायत. मी लॅबमधून बाहेर आलेय."

मावशी पोळी लाटतेय तशीच लाटत राहिली. म्हणाली, मला काही झालेलं नाही, माझी मेस उघडत नाही, त्यात एक आकडा आलाय तो सांग.

 मुलगी म्हणाली, "त्यात लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका."

ते वाक्य लिहिणारी मी तिथेच उभी होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"मी कुणीबी शे का?" मावशी म्हणाली.

मुलगी हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. तिने आकडा वाचला. मी तो टाकला, चालला नाही. इतके आकडे आले होते की तिने मधलाच कुठला तरी वाचला होता. मी नवा मागवला. तो पोचायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात फोन ठेवायचा तरी कसा? मावशीने विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, कँटीनमध्ये गोड डाळ असते, गुजराती. मावशी म्हणाली, तुले गोड डाळ कुठली जाते. मग आकडा आला, पण दोघी वांग्याच्या भरितापर्यंत पोचल्या होत्या, म्हणून मी दहा मिनिटं संपू दिली आणि पुन्हा एक मागवला. ह्या खेपेला नियमाची मला काही आठवण झाली नाही.

खातं जोडलं. सव्वाशे डबे परत आले. टेम्पो पावणेबाराला निघाला आणि राखोलीहून एकही शिवी आली नाही. मी मावशीला सांगितलं, आता मुलीचा ईमेल काढून तुमचा टाकू, ते जास्त सुरक्षित. ती म्हणाली, राहू दे, पुन्हा कधी अडलं तर. मी आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी मी माझीच एक चूक दुरुस्त करायला बसले. आकडा किती वेळा मागवता येईल ह्यावर मी काही मर्यादाच घातली नव्हती. तीनदाच्या वर मागवता येऊ नये असं करायचं होतं. म्हणून त्या सोमवारची नोंद काढून बघितली. आपला सर्व्हर प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवतो. माझी समजूत अशी होती की मावशीला काही कळलं नाही आणि ती बिचारी बटण दाबत सुटली.

ती पहिल्यांदा वर यायच्या आणि दुसऱ्यांदा वर यायच्या मधल्या पाऊण तासात चार वेळा बटण दाबलं होतं. मग मी तिला सांगितलं की आकडा तिच्याकडे जातोय. ती खाली गेली, आणि त्यानंतर मुलीचा फोन येईपर्यंत पंधरा वेळा.

मी खुर्चीत बसून रडले. मग डोळे पुसले आणि मर्यादा घातली, ती तीनची नाही, वीसची.