जावळाच्या रजेचा अर्ज

सोलापुरात शेंगदाण्याची आडत करणाऱ्या चनबसप्पांच्या घरी रजा मागायची एक जुनी आणि पक्की रीत होती. ड्रायव्हर बाळासोला गावाला जायचं झालं की तो सकाळी अँबॅसडर पुसता पुसता मोठा उसासा टाकायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चनबसप्पांच्या बायकोला, म्हणजे अक्कम्मांना, तो ऐकू जायचा. "काय झालं रे बाळासो?" असं त्या विचारायच्या, बाळासो सांगायचा, आणि रात्री जेवताना ती गोष्ट भाकरीबरोबर मालकांच्या पोटात उतरायची. दुसऱ्या दिवशी मालक गुरगुरत म्हणायचे, "जा. पण लवकर ये." इतकी वर्षं चाललेला कारभार. कागद नाही, शाई नाही.

पण पंचाहत्तर साली चनबसप्पा कुठल्याशा व्यापाऱ्यांच्या सभेला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात शिस्त शिरली. सभेत कुणी बुशकोटवाल्यानं भाषण ठोकलं होतं की, धंदा वाढवायचा तर सगळं लेखी हवं. चनबसप्पांनी ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्याच दिवशी हमालांपासून घरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना फर्मान सुटलं: रजा पाहिजे तर अर्ज करायचा. उसासे बंद.

आणि नेमका त्याच महिन्यात बाळासोला उसासा टाकायचा होता.

कारणही तसंच होतं. त्याची धाकटी बहीण बनाबाई नातेपुत्याकडं दिलेली. दुष्काळात, पोटुशी असताना, ती खडी फोडायला जात होती. पोर जगेल की नाही अशी धास्ती. तेव्हा तिनं बिरोबाला नवस केला होता, "पोर हाती लागू दे, त्येचं जावळ तुज्याच दारात काढीन." पोर जगलं, बाळसं धरलं, आणि आता तिसऱ्या वर्षात होतं. डोक्यावर हे एवढं जंगल. जावळ विषम वर्षी काढायचं, म्हणजे या चैत्राच्या जत्रेत झालं तर झालं. नाहीतर चौथं वर्ष चालत नाही, थेट पाचवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जावळाला पोर बसतं ते मामाच्या मांडीवर. बनाबाईला भाऊ एकच. मामा तोच, मांडीही तीच.

बनाच्या सासूनं, अंबुबाईनं, निरोपही तसाच धाडला होता. "मामा सोलापुरात मोटार हाकतो म्हनं. यील तर यील. न्हाय आला तर आमी समजून घिऊ, गरिबाला इसरला." या 'समजून घिऊ'मध्ये जेवढं विष असतं तेवढं फुरशाच्या दातातही नसतं, हे बहिणीच्या सासरचा निरोप ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल.

बाळासो अर्ज लिहून घ्यायला दुकानातल्या महिपती मुनिमाकडं गेला. मुनिमानं कान खाजवला, टाक बुडवला आणि विचारलं, "कारण काय टाकू?"

"भाच्याचं जावळ."

"खुळा का काय! जावळाला रजा देतंय कोण? अर्जात माणूस आजारी पडावं लागतं. भाचा अत्यवस्थ, असं लिहितो. एका दमात मंजूर."

बाळासोच्या कपाळाची शीर उभी राहिली. "मुनीम, पोर ठणठणीत हाय! दुष्काळातनं वाचलंय ते. त्येच्या जावळाच्या तोंडावर त्येला आजारी पाडता व्हय?"

"अरे कागदावर रे."

"कागदावर बी न्हाय!"

"मग तुझी आई आजारी करू?"

"आई मेली की माजी!"

"मग तर झकास. तिला पुन्हा..." मुनीम म्हणाला आणि बाळासोचा चेहरा बघून त्यानं टाक दौतीत ठेवून दिला. बिचाऱ्याचाही दोष नव्हता. नवा नियम आल्यापासून आठवड्याभरात दुकानातल्या हमालांच्या तीन आज्या त्यानं स्वतःच्या हातानं मारल्या होत्या आणि सगळ्या रजा बिनबोभाट मंजूर झाल्या होत्या. खोट्या अर्जाला मान, ही त्या नव्या शिस्तीची पहिली कमाई.

बाळासो चौथी पास होता. तणतणत घरी आला, मुलाच्या वहीतलं पान फाडलं आणि कंदिलाशेजारी बसून स्वतःच लिहिलं:

"मालक श्री. चनबसप्पा यांना बाळासोचा नमस्कार. अर्ज लिहिण्यास कारण की, माझी बहीण बनाबाई हिच्या मुलाचे जावळ गावी बिरोबाच्या जत्रेत काढायचे आहे. मुलाला मामा मी एकटाच आहे. तरी मला शनिवार, रविवार व सोमवार अशी तीन दिवस रजा मिळावी, ही विनंती. मंगळवारी सकाळी कामावर हजर होईन. तोपर्यंत गाडी टेंपोवाला मायाप्पा चालवील. त्याला विचारले आहे, तो हो म्हणाला आहे. जाताना तेलपाणी बघून ठेवीन व चावी अक्कांकडे देईन. काही चुकले असल्यास माफ करावे. आपला आज्ञाधारक, बाळासो, ड्रायव्हर."

यात काय चुकलं होतं सांगा! कारण आहे, दिवस आहेत, बदली माणूस आहे, चावी कुठं ते आहे. मोठ्या कचेरीतसुद्धा याहून चोख अर्ज कुणी दिला नसेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ज परत आला. खाली मालकांच्या हातची लाल शाई: "एका हजामतीला तीन दिवस? मुलाला इथे आणावे. न्हाव्याचा खर्च दुकान देईल."

बाळासोनं ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. नुसता नकार असता तर त्यानं गिळला असता. पण हे औदार्य! आणि मालकाला जावळ म्हणजे काय हे ठाऊक नसतं, तर राग इतका आला नसता. चनबसप्पा काही विलायतेतून आले नव्हते. त्यांच्या घरी पाळण्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक कार्याला मामा लागत होता. पण दुकानाच्या गादीवर बसून लाल शाई हातात घेतली की माणसाला दुसऱ्याचा देव न्हाव्याच्या दुकानासारखा दिसायला लागतो.

कागद मुठीत घेऊन बाळासो थेट मालकांच्या घरी गेला. चनबसप्पा जेवून बंगईवर झोके घेत पाय हलवत बसले होते. अक्कम्मा खाली शेंगा निवडत होत्या.

"मालक, ह्ये काय लिवलंय?"

"काय लिहिलंय म्हणजे? लेखी अर्ज, लेखी उत्तर. शिस्त म्हणतात याला."

"बिरोबा काय सोलापुरात हाय व्हय? त्येला बी हितं आनू? त्येचा खर्च बी दुकान दील?"

"आवाज खाली, बाळासो!"

"आवाज खालीच हाय की मालक. वर केला तर पार शेजारी जाईल." बाळासोचा आवाज त्या क्षणी दोन घरं ओलांडून गेला होता. "माज्या भनीनं खडी फोडत नवस केलाय. त्येला तुमी हजामत म्हनता?"

चनबसप्पांनी बंगई थांबवली. मग त्यांच्या तोंडून खरं कारण निघालं. रविवारी अक्कलकोटला एका मोठ्या आडत्याच्या मुलाचं लग्न होतं. तिथं सगळे व्यापारी मोटारी घेऊन येणार. आणि मायाप्पा तर लुंगी नेसून गाडी चालवतो, तोंडात तंबाखू. मांडवाच्या दारात लुंगीवाल्यानं अँबॅसडरचं दार उघडलं तर लोक काय म्हणतील?

अक्कम्मांनी सूप खाली ठेवलं. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी काय? इज्जत आहे की नाही?"

"अय्यो! इज्जत!" अक्कम्मांनी पदर खोचला. पदर खोचला की त्या घरात आडतीचे भावसुद्धा उतरत. "आपल्या रेवणच्या जावळाच्या वेळी काय झालं ते सांगू का या बाळासोला?"

"ते कशाला आता?"

"सांगते. ऐक रे. माझ्या भावाशी यांनी भांडण काढलं. कशावरून, तर आमच्या लग्नात व्याह्यांच्या ताटात पुरणाची होळगी कमी वाढली म्हणून. भाऊ येईना. मामा नाही तर जावळ नाही. पाचवं सरत आलं तरी मी त्या पोराच्या वेण्या घालत होते! शाळेत मास्तरांनी मुलींच्या रांगेत बसवला त्याला. शेवटी हेच गेले विजापूरला, माझ्या भावापुढं हात जोडायला."

"हात जोडले नव्हते. नमस्कार केला होता."

"हात जोडल्याशिवाय कसा केलात?"

बाळासोला हसू आलं होतं, पण राग अजून गेला नव्हता, म्हणून त्यानं ते मिशीतच अडवलं. चनबसप्पा छताकडं बघत राहिले.

"तवा मालक," बाळासो जरा हळू बोलला, "तुमाला मामा पायजेच हुता. मग माज्या भनीच्या पोराला न्हावी पुरतो, आसं कसं?"

चनबसप्पांनी थोडा वेळ पुटपुट केली. शिस्त म्हणजे शिस्त, उद्या सगळेच अर्ज घेऊन येतील, मायाप्पा थुंकला तर कोण जबाबदार. अक्कम्मा म्हणाल्या, "मायाप्पाला तुमचा लग्नातला पांढरा पायजमा देते. आणि तोंडातला तंबाखू काढायचं मी बघते." म्हणजे तो प्रश्न कायमचा सुटला.

मग मालकांनी कागद मागितला. आधीच्या लाल ओळीवर एक आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "मंजूर." सही करून कागद परत देताना मात्र म्हणाले, "पण मंगळवार म्हणजे मंगळवार."

"व्हय मालक. अर्जात लिवलंय की."

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. ढोल घुमत होते. बाळासो नवं धोतर नेसून मांडी घालून बसला होता आणि मांडीवर बनाचं पोर असं काही ठणाणा करत होतं, जणू डोकंच कापणार आहेत. न्हाव्यानं वस्तरा लावला की ते मामाचा फेटा ओढायचं, फेटा सोडवला की मिशी धरायचं. पहिली बट गळून परातीत पडली आणि बनानं डोळ्यांना पदर लावला.

अंबुबाई बाजूला उभी राहून सगळं बघत होती. बोलल्याशिवाय तिला कुठलं राहवणार! "आला म्हनायचा मामा. आमाला वाटलं, सोलापूरकर इसरला."

बाळासोनं एका हातानं पोराच्या लाथा धरल्या आणि आठवडाभराचा राग एका दमात मोकळा केला. "नुसता आलो न्हाय, म्हातारे. मालकाशी भांडून आलोय, आन् कागदावर मंजूर करून आलोय! दावू का?"

आणि अंबुबाईनं खरोखरच हात पुढं केला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद घेऊन खालची सही तिनं दोनदा बघितली.