चाळीस मुख्याध्यापक

सहदेवचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला. दिंडोशीच्या खोलीत दिवा न लावता त्याने चहा ठेवला, चष्मा चढवला आणि जुनी डायरी उघडली. मुख्याध्यापक शाळेच्या प्रार्थनेआधी एकदा मोबाइल बघतात, त्यानंतर दिवसभर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. म्हणजे निमंत्रण सहाच्या आत पोचायला हवं.

बायको कुंदा कूस बदलत म्हणाली, "एवढ्या सकाळी कोणाक मेसेज धाडतंस?"

"हेडमास्तरांना."

"ते तरी झोपलेत मां?"

सहदेवने डायरीतलं पुढचं नाव काढलं. हात चालू होता.

सहदेव घाडीने सव्वीस वर्षं अंधेरीच्या एका छापखान्यात काढली होती. शाळांची प्रगतिपुस्तकं, वह्यांची वेष्टनं, दाखल्यांचे कोरे फॉर्म, सगळं तोच जुळवायचा. करोनात छापखाना बंद पडला. संगणकावर हात बसलेला होता म्हणून एमआयडीसीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला कंत्राटावर घेतलं. कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर विकायची: हजेरी, फी, निकाल, दाखले, सगळं एका ठिकाणी. ते दाखवण्यासाठी मुख्याध्यापकांचा वेबिनार भरवायचा, आणि त्याची निमंत्रणं व आठवणीच्या पोस्ट करणं हे सहदेवचं काम. आठवडाभर आधी निमंत्रण, आदल्या दिवशी आठवण, तासभर आधी दुसरी आणि दहा मिनिटं आधी नुसती लिंक. चारही पोस्ट वेगळ्या लागतात. तीच ती पुन्हा पाठवली की माणूस वाचत नाही.

पहिल्या वेबिनारला नऊ जण आले, दुसऱ्याला सहा. त्या पोस्ट सौरभने, म्हणजे मॅनेजरने, इंग्रजीत लिहून घेतल्या होत्या, रॉकेटच्या चित्रासकट. हजारोंना एका दमात गेल्या. इतक्या जणांनी कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर ब्लॉक केला की त्या नंबरावर मर्यादा आली, दिवसाला मोजकेच मेसेज जाऊ लागले.

सौरभने त्याला केबिनमध्ये बोलावलं. पोरगा तिशीचा, पण बोलणं सरळ.

"काका, तिसरा वेबिनार शेवटचा. चाळीस प्रिन्सिपल लाइव्ह पाहिजेत, आणि त्यातले पाच आठवडाभरात डेमोला तयार. नाहीतर मार्चनंतर तुमचं काँट्रॅक्ट मी वरती पटवू शकत नाही."

सहदेवच्या डोळ्यांसमोर मानसी आली. लेक लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करत होती, शेवटचं वर्ष उरलं होतं. फी दोन हप्त्यांत, एक एप्रिलमध्ये, एक ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरपर्यंत नोकरी टिकली तर पोरगी सुटली. एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून छापखान्यातली डायरी बाहेर आली. दोनशे बारा मुख्याध्यापकांचे नंबर. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या शाळा, सगळ्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. एकेकाला नावाने, स्वतःच्या मोबाइलवरून. 'नमस्कार अनुपमाबाई. छापखान्यातला सहदेव घाडी. गुरुवारी दुपारी चारला चाळीस मिनिटं द्याल का? हजेरी आणि दाखल्यांचं काम कसं हलकं होतं ते घरबसल्या दाखवणार आहोत. पटलं नाही तर मधूनच उठा, राग नाही.' प्रत्येकाच्या मेसेजात एक ओळ वेगळी. तीन पहाटा लागल्या. अंगठा सुजला.

नोंदणीचा फॉर्मही त्याने छाटला. शाळेचं नाव, सध्याचं पद, विद्यार्थी संख्या अशा सहा रकान्यांपुढे लोक कंटाळून निघून जातात, हे त्याने आकड्यांत पाहिलं होतं. त्याने नाव आणि मोबाइल एवढंच ठेवलं.

शेजारच्या टेबलावर विक्रीचं काम करणारी श्वेता म्हणाली, "काका, शाळा कुठली ते तरी विचारा ना."

"मला माहीत आहेत गं सगळ्या. डायरीत आहे."

नोंदणी एकसष्टवर गेली. सौरभ टेबलापाशी येऊन उभा राहिला. "काका, झकास! काय जादू केलीत?"

"जादू नाही. टंकलं."

गुरुवारी तीनला त्याने दुसरी आठवण धाडली, तीन-पन्नासला लिंक. चार वाजता पडद्यावर चौकोन उघडू लागले. बारा, पंचवीस, चाळीस. सत्तेचाळीसवर आकडा थांबला. सहदेवने आकडा डायरीत टिपला. सौरभ सॉफ्टवेअर दाखवत होता आणि बाजूच्या चॅटमध्ये मंडळी एकमेकांना रामराम करत होती. 'अरे राजारामसर, तुम्हीपण?' 'गुडघा काय म्हणतो?' कोणी पार्श्वभूमीला भाजी निवडत होतं. सहदेवला काहीतरी खटकलं. गुरुवारी दुपारी चारला एकही मुख्याध्यापक शाळेत कसा नाही?

श्वेताने पडद्यावर प्रश्न टाकला: शाळेत येऊन डेमो कधी द्यायचा? उत्तरं येईनात. मग एका चौकोनातून आवाज आला. अनुपमा सामंतबाई.

"मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली हो. सहदेवने एवढं नावाने बोलावलं, म्हणून आले. छान आहे तुमचं. आमच्या वेळी असतं तर!"

"मीही दोन वर्षांपूर्वीच सुटलो," दुसरे म्हणाले. मग एकामागून एक सगळेच सांगू लागले, हसत हसत.

सौरभने आपला माइक बंद केला. काचेपलीकडून त्याने सहदेवकडे पाहिलं. त्या बघण्यात रागही नव्हता, तेच जास्त लागलं.

मुख्याध्यापकपद मिळेपर्यंत माणूस पन्नाशी ओलांडतो. अठ्ठावन्नला खुर्ची सोडतो. डायरी सहा वर्षांपूर्वीची. हे हिशेबाला कठीण नव्हतं. त्यांच्यातल्या कित्येकांच्या निरोप समारंभाच्या पत्रिका सहदेवनेच छापल्या असत्या, छापखाना चालू असता तर. सध्याचं पद हा एक रकाना ठेवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो त्याने स्वतःच्या हाताने काढला होता.

"वाट लागली, काका," श्वेता हळूच म्हणाली.

"अजून आठवडा आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने सत्तेचाळीस जणांना फोन लावले. पहिली दोन वाक्यं माफीची. मग एकच विचारणं: तुमच्या खुर्चीवर आता कोण आहे, आणि माझ्यासाठी एक शब्द टाकाल का? निवृत्त माणसाला वेळ असतो, पण बोलायलाही फार असतं. एकेक फोन वीस मिनिटांचा. अनुपमाबाईंनी स्वतः तीन शाळांत फोन केले. राजारामसर म्हणाले, "माझ्या जागी आलेला माझं ऐकत नाही रे, तुझं काय ऐकणार?" एकोणीस नवे नंबर मिळाले. त्या एकोणीस जणांना त्याने नवा मेसेज लिहिला, आणि पहिल्याच ओळीत विचारलं: सध्या शाळेचा कारभार आपल्याकडेच आहे ना?

सात जणांनी उत्तर दिलं. मुलुंडच्या दोन आणि घाटकोपरची एक, अशा तीन शाळा डेमोला तयार झाल्या.

आठवड्याने सहदेव तीन नावं लिहिलेला कागद घेऊन केबिनमध्ये गेला. सौरभने कागद वाचला, पुन्हा वाचला.

"मेहनत दिसते, काका. पण मी पाच सांगितले होते. वरच्यांनी कालच ठरवलं, पोस्ट आता बाहेरची एजन्सी करणार."

"अजून पंधरा दिवस द्या. बाकीचे बारा उत्तर देतील."

"माझ्या हातात असतं तर दिलं असतं."

"ह्या तीन शाळांत डेमोला जो जाईल, त्याला सांगा. घाटकोपरच्या बाई सकाळी नऊनंतर भेटत नाहीत."

"सांगतो."

सहदेवने टेबल पुसून ठेवलं. घरी कुंदाने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एकतीसपर्यंत आहे." मानसी पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "बाबा, मी क्लिनिकमध्ये पार्टटाइम बघू का?"

"आधी शिक."

"ऑक्टोबरचं काय?"

"आधी एप्रिलचा भरू."

मार्चचा पगार तीन एप्रिलला खात्यात आला. चार तारखेला तो मानसीला घेऊन कॉलेजच्या खिडकीवर गेला. त्या पगारातून एप्रिलचा हप्ता गेला, पोरीची ऑक्टोबरपर्यंतची प्रयोगशाळा पक्की झाली.