ठिबकाची नऊ कार्डं

जिंतूरच्या शेतकरी गटाच्या ऑफिसात मी कामाला लागले, तेव्हा माझं मुख्य काम होतं मोबाईलवर एकापुढे एक सरकवायची चित्रं करणं. त्याला कॅरोसेल म्हणतात. ऑफिसातले सगळे त्याला ‘कार्डं’ म्हणायचे. गटात दोन-तीन एकरवालेच जास्त. लांबलचक पत्रक कोणी वाचत नाही, पण चित्रं बोटानं सरकवतात. म्हणून साहेबांनी मला ठिबक सिंचनावर नऊ कार्डं करायला सांगितली. त्यात खर्च, जोडणीच्या पायऱ्या आणि पाण्याची खरी बचत असं सगळं हवं होतं.

खर्चाचं कार्ड सोपं वाटलं होतं, पण ते तीनदा बदललं. नळ्यांच्या ओळी चार फुटांवर टाकल्या तर एकराला साधारण पन्नास हजार, ओळींत अंतर जास्त ठेवलं तर कमी. त्याखाली मी लिहिलं, की अनुदान आहे, पण आधी ऑनलाइन अर्ज, मग मंजुरी, मग खरेदी, मग बिलं, आणि पैसे सगळ्यात शेवटी. तोवर रक्कम आपल्याच खिशातून. चित्रं देणारा ठिबकाचा दुकानदार म्हणाला, एवढं खरं लिहिलंत तर दुकानात कोण येईल. तरी मी ते वाक्य ठेवलं.

पायऱ्या नीट आहेत का ते पाहायला एक शेतकरी हवा होता. माझे सासरे, म्हणजे मामा, चारठाण्याजवळ एक एकर मिरची करतात. ठिबकाची मंजुरी त्यांना नुकतीच आली होती आणि सामानही आणून ठेवलं होतं. ते म्हणाले, कोणाला बोलवू नको, आपण कार्डं बघून करू.

पण उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नव्हता आणि मामांच्या बोटांना चिखल होता. म्हणून त्यांनी जिंतूरला जाऊन नऊही कार्डं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. मी कार्डांवर अनुक्रमाचे आकडे टाकले नव्हते, ही माझी चूक. मामांनी ते कागद विहिरीजवळच्या बाभळीच्या काट्यांना ओळीनं टोचून ठेवले आणि आम्ही कामाला लागलो.

मोटारीनंतर फिल्टर बसवला. त्यापुढे मोठा पाइप आणि शेताच्या कडेनं सबमेन, म्हणजे जिच्यातून बारीक नळ्या फुटतात ती वाहिनी. सबमेनला ड्रिलनं भोकं पाडायची, प्रत्येक भोकात रबराची चकती दाबायची, तिच्यात जोड घालायचा आणि त्याला नळी जोडायची. मामांचा हात त्यात लय छान बसला. ते भोक पाडायचे, मी चकती दाबायचे. एक ओळ झाली की ते बाभळीकडे जाऊन पुढचा कागद वाचून यायचे.

दुपारी शेजारच्या शेळ्या पाणी प्यायला विहिरीवर आल्या. शेळ्यांच्या मालकीणबाईंशी मामा मिरचीच्या भावाबद्दल बोलत उभे राहिले. तेवढ्यात एका काळ्या बकरीनं एक कागद काट्यावरून काढला आणि सावकाश खाल्ला. मामांनी किंवा मी ते पाहिलं नाही. आकडे नसल्यामुळे कागद कमी झाला हेही कळलं नाही.

मामांनी पुढचा कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, नळ्यांची टोकं बंद करा. आम्ही सगळ्या टोकांना टोप्या लावल्या. मामांनी नारळ फोडला आणि मोटार चालू केली.

जवळच्या ओळींतून थेंब पडायला लागले. मधल्या ओळी गप्प होत्या. लांबच्या ओळीत एकाच ठिकाणी पाणी येत होतं, आणि तेही मिरचीला सोडून. मामा वाकून एकेक छिद्र बघत चालले. मग त्यांनी नळी उचलून कानाला लावली.

“आत कायतरी खडखडायलंय,” ते म्हणाले.

खडखडत होते ड्रिलनं निघालेले प्लास्टिकचे तुकडे आणि जोडताना आत गेलेली माती. टोकं बंद करण्याआधी नळ्यांतून पाणी सोडून त्या धुवायच्या असतात. त्यासाठी माझं एक पूर्ण कार्ड होतं. मी बाभळीचे कागद मोजले, आठ भरले. शेळीवाल्या बाई म्हणाल्या, आमच्या काळीनं मघाशी कायतरी पांढरं खाल्लं, मला वाटलं पुडीचा कागद हाय. मामांना वाटलं, पायरी बकरीच्या पोटात गेली म्हणजे सगळं ठिबक बिघडलं.

ते मनावर घेऊन त्यांनी मोटार बंद न करताच सगळ्यात लांबच्या नळीचं टोक खेचलं. टोपी निघाली आणि त्यांच्या तोंडावर काळ्या पाण्याची चिळकांडी बसली. मग त्यांनी हट्टानं दुसरं खेचलं, तिसरं खेचलं. दहा-बारा ओळींत ते असेच भिजत गेले. मी ओरडून सांगत होते की टोकासमोर नको, बाजूला उभं राहा. ते म्हणत होते, बाजूला राहिलं तर कळणार कसं की पाणी साफ आलं. शेवटी ते डोक्यापासून टाचेपर्यंत मळक्या पाण्यानं निथळत होते, पण नळ्यांतून स्वच्छ पाणी येत होतं. आम्ही टोकं परत बंद केली. बहुतेक छिद्रं सुरू झाली. जी अडली होती ती आम्ही नळीला हलकं चोळून सोडवली.

त्या रात्रीच मी प्रत्येक कार्डावर मोठ्या अक्षरात ‘नऊपैकी एक’, ‘नऊपैकी दोन’ असं लिहायला सुरुवात केली.

राहिला तो बचतीच्या कार्डावरचा आकडा, त्याची जागा मी रिकामीच ठेवली होती. दुकानदाराचा आग्रह होता, सत्तर टक्के लिहा, सगळे लिहितात. मी म्हटलं, मोजून लिहिते. ऑफिसातलं पाण्याचं मीटर मी ठिबकाआधीच मोटारीपुढे बसवलं होतं. तेव्हा जुन्या पद्धतीनं सऱ्या भरून पाणी दिलं, तर आठ दिवसांच्या पाळीला मोटार बारा तास चालली होती.

आता ठिबकाचे आठ दिवस मोजले, तर मीटरनं आधीपेक्षाही जास्त पाणी दाखवलं. मी दोनदा वाचलं. मग मामांना विचारलं, मोटार किती वेळ चालवता.

“रोज तीन तास. वरून रान कोरडं दिसतंय ना. पिकाला काय वाटंल?”

पिकाला काय वाटत होतं ते मी कुदळीनं दाखवलं. झाडाजवळ वीतभर खड्डा खणला. वर कोरडी धूळ, खाली काळी माती चिंब, मुठीत धरली तर पाणी सुटेल अशी. मामा म्हणाले, म्हणजे आपण आठ दिवस मिरचीला बुडवायलोय. दुसऱ्या दिवसापासून रोज एकच तास. मोटार बंद करताना त्यांचा जीव तुटायचा. लाइट असताना मोटार बंद करणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणं, असं ते म्हणायचे.

पुढच्या आठ दिवसांचं मीटर वाचलं, तर सरीपेक्षा साधारण एक तृतीयांश पाणी कमी लागलं होतं. दुकानदाराला मी कार्ड दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, इतकंच? मी म्हटलं, तेवढंही मोटार वेळेवर बंद केली तरच.

कार्डं गटात गेली. दोन दिवसांनी चौघांचे फोन आले, पण बचतीबद्दल नाही, तर त्याच कार्डावर मी लिहिलेल्या मामांच्या रोजच्या तीन तासांबद्दल. तीन तास चालवल्यावर पाणी वाढलं हे त्यांना स्वतःच्या शेतावरूनच माहीत होतं. कोणीतरी ते कबूल केलं याचं त्यांना बरं वाटत होतं.

महिन्याभरानं मी मामांना विचारलं, आता विहिरीत पाणी जास्त दिसतं का. ते म्हणाले, न्हाई, जेवढं होतं तेवढंच हाय. मी घाबरले, कार्ड खोटं ठरलं असं वाटलं. तेव्हा त्यांनी बांधापलीकडे बोट दाखवलं. वाचलेल्या पाण्यावर त्यांनी मला न सांगता अर्धा एकर कांदा लावला होता, आणि त्याला ते जुन्या सवयीनं सरी भरून पाणी देत होते.